बंद प्रेस आणि दोन पानांचा प्रस्ताव

भोसरीच्या एमआयडीसीतल्या प्रेस शॉपमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचे तरी ओरडावे लागते. पत्र्याची पट्टी आत सरकते, रॅम धाडकन खाली येतो आणि एक ब्रॅकेट तयार होऊन खालच्या पेटीत पडते. दिवसभर हा ठेका चालू असतो. मध्येच एखादी प्रेस गप्प होते. बिघाड काही नसतो. एका भागाची बॅच संपलेली असते आणि दुसऱ्या भागाची डाय चढवायची असते. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा. त्याचा वरचा अर्धा भाग वर-खाली होणाऱ्या रॅमला आणि खालचा भाग प्रेसच्या पाटाला, म्हणजे बोल्स्टरला, बांधतात. तो उतरवून दुसरा बांधून पहिला चांगला नग निघेपर्यंत प्रेस काहीच कमावत नाही.

या गप्प वेळेबद्दल शॉपवर सगळेच कुरकुरतात. पण त्या कुरकुरीचा प्रस्ताव करून तो प्लँट हेडच्या टेबलावर ठेवणे हे वेगळे काम आहे. पुष्कळ चांगल्या कल्पना याच टप्प्यावर अडतात. कल्पना चुकीची नसते. वरिष्ठाला ज्या चार गोष्टी कळायला हव्या असतात, म्हणजे आज काय दुखते आहे, छोट्या प्रमाणावर कसे करून पाहणार, खर्च किती आणि हाती काय लागणार, त्या कागदावर नीट उतरलेल्या नसतात. त्या कशा उतरवायच्या हे एका नमुन्याच्या कारखान्यावरून पाहू. कारखाना आणि त्याचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत; कामाची रीत मात्र प्रेस शॉपमध्ये खरोखर असते तशीच आहे.

आपला कारखाना मध्यम आकाराचा, दोन शिफ्टमध्ये चालणारा. त्यातल्या एका २०० टनी प्रेसवर फिरून फिरून सहा डाय लागतात. दिवसाला सरासरी चार वेळा डाय बदलते. महिन्याचे २५ दिवस धरले तर १०० वेळा. शॉपवरच्या तरुण इंजिनिअर बाईंना वाटते की यात फार वेळ जातो. त्यांनी घाईघाईने पहिला मसुदा लिहिला : ‘डाय चेंजला खूप वेळ लागतो, उत्पादनाचे मोठे नुकसान होते, तरी आधुनिक पद्धत राबवावी व त्यासाठी १ लाख ७६ हजार रुपये मंजूर करावेत.’

हा मसुदा परत आला असता. ‘खूप’ म्हणजे किती, या पहिल्याच प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते.

शिफ्ट रिपोर्टमध्ये उत्तर होते, पण ते विश्वासाचे नव्हते. तिथे प्रत्येक बदलापुढे ‘सेटिंग : १ तास’ असे लिहिलेले. शिफ्ट संपताना आठवणीने भरलेला आकडा नेहमी असा गोल असतो. म्हणून बाईंनी घड्याळ घेऊन दहा बदल स्वतः उभे राहून मोजले. मोजण्याआधी त्यांनी एक व्याख्या ठरवली : जुन्या भागाचा शेवटचा चांगला नग पडला तेव्हापासून नव्या भागाचा पहिला मंजूर नग पडेपर्यंतचा वेळ. ही व्याख्या कळीची आहे. डाय बांधून झाली की घड्याळ थांबवणारे लोक असतात. त्यांच्या हिशेबात त्यानंतरची जुळवाजुळव आणि तपासणीची वाट कुठेच दिसत नाही.

दहा बदलांची सरासरी निघाली ९५ मिनिटे. सगळ्यात लवकर झालेला बदल ७० मिनिटांचा होता, तर सगळ्यात रेंगाळलेला २ तास २० मिनिटांचा.

यानंतर त्यांनी ही ९५ मिनिटे फोडली. डाय रॅकवरून आणायला १८ मिनिटे गेली, कारण फोर्कलिफ्ट डिस्पॅचकडे अडकलेली असे. पाने, बोल्ट आणि क्लॅम्प शोधण्यात १२, जुनी डाय सोडण्यात ११, नवी डाय ठेवून सरळ करून बांधण्यात १६ मिनिटे. शट हाइट जुळवण्यात १४. रॅम पूर्ण खाली आल्यावर वरच्या आणि खालच्या पाटात जे अंतर उरते ती शट हाइट. प्रत्येक डायची उंची वेगळी असल्याने ती दर वेळी थोडी थोडी हलवून बघावी लागते. पट्टी लावून चाचणीचे नग काढण्यात ९ मिनिटे आणि क्वालिटी इन्स्पेक्टर येऊन पहिला नग मंजूर करेपर्यंत १५.

हे सात आकडे शेजारी शेजारी मांडल्यावर दुखणे कुठे आहे ते दिसू लागते. फोर्कलिफ्ट, शोधाशोध आणि इन्स्पेक्टरची वाट यांची मिळून ४५ मिनिटे होतात. जवळजवळ निम्मा वेळ डायला हातही न लावता जातो.

जपानमध्ये ही गोष्ट सत्तरपेक्षा जास्त वर्षांपूर्वी एका माणसाच्या लक्षात आली होती. १९५० साली शिगेओ शिंगो हे औद्योगिक अभियंते हिरोशिमातल्या तोयो कोग्यो या कारखान्यात, म्हणजे आजच्या माझदात, पाहणीला गेले. मोठ्या प्रेस कमी पडत आहेत अशी तिथली तक्रार होती. शिंगो यांनी आधी आठवडाभर घड्याळ लावून नुसते बघण्याची परवानगी मागितली. त्यात त्यांना ८०० टनी प्रेसवर डाय बदलताना एक कामगार धावपळ करताना दिसला. डाय बांधायचा एक बोल्ट सापडत नव्हता. शेवटी दुसऱ्या यंत्राचा लांब बोल्ट आणून, तो कापून, त्याला आटे पाडून काम भागवले गेले. तोवर प्रेस उभी होती. त्यावरून शिंगो यांनी कामाचे दोन भाग केले : यंत्र बंद असतानाच करता येणारे काम आणि यंत्र चालू असताना बाहेर उरकता येणारे काम. बोल्ट शोधणे दुसऱ्या भागात येते. १९६९ साली टोयोटात १००० टनी प्रेसवरचा चार तासांचा बदल त्यांनी आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणला. दहा मिनिटांच्या आत, म्हणजे एक आकडी मिनिटांत, डाय बदलण्याच्या या पद्धतीला जगभर स्मेड म्हणतात.

आपल्या कारखान्याने एकदम तीन मिनिटांचे स्वप्न बघायचे कारण नाही. शिंगो यांची ही विभागणी मात्र प्रस्तावाला कणा देते.

बाईंनी सात कामे त्या चाळणीतून काढली. पुढची डाय आधीच फोर्कलिफ्टने प्रेसशेजारी आणून ठेवली तर १८ मिनिटांची ८ होतील. जुनी उचलून नवी ठेवायला फोर्कलिफ्ट लागेलच, पण रॅकपर्यंतची फेरी आणि वाट बघणे वाचेल. पाने आणि क्लॅम्प टांगायला प्रेसशेजारी एक फळा लावला, त्यावर प्रत्येक वस्तूची बाह्याकृती रंगवली, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनही दिसेल. शोधाशोध १२ वरून एका मिनिटावर येईल. बॅच संपायच्या दहा मिनिटे आधी इन्स्पेक्टरला निरोप गेला आणि तपासणीचे गेज प्रेसपाशीच ठेवले तर १५ मिनिटांची ५ होतील. या तीन बदलांत मिळून ३१ मिनिटे वाचतात.

उरलेल्या कामांना सामान लागते. डाय सरकवत ये-जा करण्यासाठी रोलरची ट्रॉली, सहाही डायची उंची एकसारखी करणाऱ्या पट्ट्या, एकाच मापाचे क्लॅम्प. त्यातून आणखी २४ मिनिटे वाचतात. सगळे मिळून ९५ चे ४० होते.

इथपर्यंत कोणताही हुशार इंजिनिअर येतो. प्रस्तावाचा कस लागतो तो मिनिटांचे रुपये करताना.

नेहमीची चूक अशी की वाचलेले सगळे तास मशीनच्या तासाच्या दराने गुणले जातात आणि वर्षाकाठी लाखोंचा फायदा कागदावर उभा राहतो. प्लँट हेड तो आकडा बघून कागद बाजूला ठेवतात. त्यांना ठाऊक असते की प्रेस मोकळी झाली म्हणून पैसा येत नाही. मोकळ्या वेळेत विकता येण्याजोगे काम झाले तरच येतो. मग या प्रेससाठी थांबलेले काम किती आहे, हा खरा प्रश्न.

आपल्या कारखान्यात ते मोजता येते. या सहापैकी दोन डाय महिन्यातून काही दिवस बाहेरच्या जॉबवर्कवाल्याकडे पाठवतात, कारण घरच्या प्रेसला वेळ पुरत नाही. हे बाहेरचे काम महिन्याला सुमारे ६० प्रेस-तासांचे असून तासाला ७०० रुपये द्यावे लागतात. तेच काम घरी केले तर वीज, तेल आणि झीज मिळून तासाला १५० रुपये लागतील. कामगारांचा पगार वेगळा धरायचा नाही, कारण डाय बदलत असतानाही ते हजर असतात आणि त्यांना पगार मिळतच असतो. म्हणजे घरी आणलेल्या प्रत्येक तासामागे ५५० रुपये वाचतात, पण जास्तीत जास्त ६० तासांपर्यंतच. एकसष्टाव्या तासाची किंमत आज शून्य आहे.

ही मर्यादा मान्य केली की प्रस्तावाचे रूपच बदलते.

पूर्ण योजनेचा खर्च १ लाख ७६ हजार. महिन्याला १०० बदल आणि प्रत्येकी ५५ मिनिटे म्हणजे साधारण ९२ तास मोकळे होतात, पण मोजायचे ६०. त्यांचे ३३ हजार रुपये. खर्च साडेपाच महिन्यांत वसूल. कागदावर हे उत्तम दिसते आणि बरेच जण इथेच सही मागतात. आता योजनेचे दोन तुकडे करून पाहू. पहिल्या तुकड्यात फळा आणि हत्यारे १२ हजार, चित्रीकरण व बैठकांसाठीचा ओव्हरटाइम ८ हजार, सुरुवातीला घडी बसेपर्यंत बुडणारे उत्पादन ४ हजार, असे एकूण २४ हजार. त्यातून ३१ मिनिटांप्रमाणे महिन्याला ५१ तास मिळतात आणि सुमारे २८ हजार रुपये वाचतात. महिना पुरा होण्याआधी पैसे परत.

दुसऱ्या तुकड्यात ट्रॉली ६० हजार, उंचीच्या पट्ट्या ५४ हजार, क्लॅम्प १८ हजार, टूल रूमचे काम १४ हजार आणि काम थांबल्याचे ६ हजार, म्हणजे १ लाख ५२ हजार. त्यातून आणखी ४० तास मोकळे होतात हे खरे, पण बाहेरून परत आणण्यासारखे काम फक्त ९ तासांचे उरलेले असते. त्याचे महिन्याला पाच हजारही होत नाहीत. हा खर्च वसूल व्हायला अडीच वर्षांहून जास्त काळ लागेल.

एकत्र मांडल्यावर हा कमकुवत दुसरा तुकडा पहिल्याच्या पाठीमागे लपला होता. फायद्याचा मोठा भाग २४ हजारांत मिळत असताना १ लाख ७६ हजार मागणे म्हणजे वरिष्ठाला चुकीचा निर्णय घ्यायला लावणे. म्हणून बाईंनी मागणी बदलली. आज फक्त पहिला तुकडा. दुसरा कधी विचारात घ्यायचा याची अटही त्यांनी लिहून टाकली : ऑर्डर वाढून बाहेरचे काम महिन्याला ९० तासांवर गेले, किंवा ग्राहकाने छोट्या बॅच मागितल्यामुळे दिवसाला चारऐवजी सहा-सात बदल करावे लागू लागले, तर.

पायलटची आखणीही त्याच शिस्तीत झाली. एकच प्रेस, सहा आठवडे. पहिले दोन आठवडे काहीही न बदलता फक्त मोजायचे. आठवड्याला २४ बदल म्हणजे ४८ नोंदी होतात. आधी मोजलेले दहा बदल यासाठी पुरत नाहीत, कारण ते सगळे दिवसाच्या शिफ्टमधले होते आणि कुणी घड्याळ घेऊन उभे असले की माणूस आपोआप चपळ होतो. तिसऱ्या आठवड्यात फळा लावायचा, पुढची डाय आधी आणायची सवय पाडायची आणि इन्स्पेक्टरशी निरोपाची पद्धत ठरवायची. शेवटचे तीन आठवडे पुन्हा मोजणी. नोंद प्रेसच्या काउंटरवरून घ्यायची, आठवणीवरून नाही. सरासरीबरोबर मधला आकडाही लिहायचा, म्हणजे एखाद्या दिवशी फोर्कलिफ्ट बंद पडली तर सगळे चित्र बिघडणार नाही.

वेळेसोबत आणखी दोन गोष्टी नोंदवायच्या ठरल्या. नव्या बॅचच्या पहिल्या ५० नगांत किती बाद झाले, आणि प्रत्येक बदलात रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावून मोटरला कुलूप घातले होते का. घाईने डाय बांधली तर बाद नग वाढतात. कुलूप टाळले तर माणसाचा हात जातो. या दोन कामांची मिनिटे कमी करायची नाहीत, असे प्रस्तावात ठळक लिहिले गेले.

यशाची रेषा आधीच आखलेली होती. अपेक्षा ६४ मिनिटांची. शेवटच्या तीन आठवड्यांची सरासरी ७५ च्या खाली आली नाही, बाद नग वाढले किंवा एकदाही कुलूप चुकले, तर पद्धत दुसऱ्या प्रेसवर न्यायची नाही. वाचलेला वेळ अपेक्षेच्या निम्माच निघाला तर काय, हेही मांडले होते : महिन्याला २५ तास, म्हणजे पावणेचौदा हजार रुपये. तरीही २४ हजार दोन महिन्यांच्या आत वसूल होतात. पण रेषा पार झाली नाही तर कारण शोधल्याशिवाय पुढे जायचे नाही.

कागद प्लँट हेडकडे जाण्यापूर्वी बाई दोघांना भेटल्या. एक क्वालिटीचे प्रमुख, कारण इन्स्पेक्टर त्यांच्या हाताखाली. दहा मिनिटे आधी निरोप मिळाला तर माणूस पाठवायला त्यांची ना नव्हती. पण दोन प्रेसवर एकाच वेळी बॅच संपली तर आधी कुठे जायचे हे नियोजन विभागाने ठरवून द्यावे, अशी त्यांनी अट घातली. ती अट प्रस्तावात आली. ती भेट राहिली असती तर हाच मुद्दा प्लँट हेडच्या केबिनमध्ये आक्षेप म्हणून उठला असता.

दुसरी भेट डाय सेटरची. वीस वर्षे प्रेस बांधणारा हा माणूस, शॉपवर सगळे त्यांना काका म्हणतात.

“मॅडम, वेळ कमी झाला की माणसं कमी करणार ना?” त्यांनी सरळ विचारले.

“नाही काका. बाहेर जाणारं काम परत आणायचंय. माणसं लागणारच आहेत.”

“मग ते कागदावर लिहा.”

प्रस्तावात तसे एक वाक्य आले आणि त्यावर प्लँट हेडची सही मागितली गेली. काकांनी त्याच दिवशी आणखी एक गोष्ट दाखवली जी घड्याळाला दिसली नव्हती. सहा डायला तीन वेगळ्या मापांचे बोल्ट लागत होते, म्हणून पाना दर वेळी बदलावा लागे. बोल्ट एकाच मापाचे केले तर फळ्यावर पाने कमी लागतील. त्यासाठी नवीन खर्चही नव्हता, स्टोअरमध्ये ते बोल्ट पडून होते. प्रस्तावावर बाईंच्या नावाखाली काकांचे नाव गेले.

शेवटी प्लँट हेडच्या टेबलावर पोचला तो दोन पानी कागद. पहिल्या चार ओळींत सगळी मागणी : एका प्रेसवर सहा आठवडे पायलट, खर्च २४ हजार, अपेक्षित बचत महिन्याला २८ हजार, निर्णय शुक्रवारपर्यंत हवा म्हणजे सोमवारपासून मोजणी सुरू होईल. त्याखाली सात कामांच्या मिनिटांचा तक्ता, ६० तासांची मर्यादा कुठून आली त्याचा हिशेब, पायलटचे वेळापत्रक, थांबण्याच्या अटी. स्मेडचा इतिहास त्यात एका ओळीचाही नव्हता. तो प्लँट हेडनी विचारला तर तोंडी सांगायचा होता. १ लाख ५२ हजारांचा दुसरा टप्पा शेवटच्या परिच्छेदात होता आणि त्यापुढे स्पष्ट लिहिले होते : ‘आज मागणी नाही.’

आपल्या कामाच्या जागी असा प्रस्ताव लिहायचा असेल, तर सोमवारी घड्याळ घेऊन उभे राहावे आणि त्या कामाच्या दहा वेळा मोजाव्यात. मग वाचणाऱ्या तासांत नेमके कोणते थांबलेले काम होणार आहे आणि ते किती तासांचे आहे, हे नियोजन विभागाकडून लेखी घ्यावे. रक्कम मागायची ती त्यानंतर.